पिशवी दाखवून जा

गेल्या आषाढात आत्याकडे घारगे घेऊन गेले होते. तिनं दोन खाल्ले, चार झाकून ठेवले, चहा झाला, गप्पा झाल्या. डबा धुऊन पिशवीत टाकला आणि चपला घालायला वाकले, तर ती दारात येऊन उभी. ‘मनू, पिशवी दाखवून जा.’ आवाजात राग नव्हता. शाळेच्या ग्रंथालयात तिनं एकतीस वर्षं काढली, सुटीच्या घंटेला मुलांची दप्तरं ती याच आवाजात बघत असणार. मी पिशवी उघडून धरली. डबा, पाण्याची बाटली, औषधांची चिठ्ठी, घडीची छत्री. तिनं दोन बोटांनी छत्री बाजूला करून खाली काही आहे का ते पाहिलं. ‘हं. जा आता, पाऊस येईल.’ पाऊस लगेच आलाच. पेरूगेटपाशी एका दुकानाच्या छपराखाली मी बराच वेळ उभी होते, आणि भिजलेल्या स्कूटरकडे बघताना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मनात येत होती. ती पिशवी तपासते, ते बरोबरच आहे.

चार वर्षांपूर्वी तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. नंतरचे आठ दिवस ती कोथरूडला छोट्या आत्याकडे राहणार होती. नितीनदादा, म्हणजे तिचा मुलगा, बंगळूरहून आला होता आणि हीच संधी आहे असं आम्हा सगळ्यांना वाटलं. सदाशिव पेठेतलं ते दोन खोल्यांचं घर तोवर असं झालं होतं की बाहेरच्या खोलीत दारापासून मोरीपर्यंत एक पाऊलवाट तेवढी उरली होती, तीही एका वेळी एकच पाय ठेवण्याइतकी. दोन्ही बाजूंना कमरेच्या वर वर्तमानपत्रं, दिवाळी अंक, साड्यांचे खोके, श्रीखंडाचे धुतलेले डबे, बोहारणीला द्यायचे म्हणून बाजूला काढलेले आणि कधीच न दिलेले कपडे. पलंगावर बोचकी होती. ती रात्री खुर्चीत झोपायची, समोरच्या स्टुलावर पाय ठेवून. ओट्यावर गॅसच्या दोन शेगड्यांपैकी एक डब्यांखाली गेली होती आणि दुसरीच्या शेजारी दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून, शंभराच्या गठ्ठ्यांत रबर लावून रचल्या होत्या. घाण वास मात्र नव्हता. होता तो जुन्या कागदाचा, थोडा डांबराच्या गोळ्यांचा.

आम्ही पाच जण, तीन दिवस. तोंडाला रुमाल बांधून. रद्दीवाला काटा घेऊन वरच आला आणि दुसऱ्या दिवशी वजन लिहिणंच त्यानं सोडून दिलं, गठ्ठे मोजू लागला. छोट्या हत्तीच्या तीन खेपा झाल्या. पहिल्या दिवशी आम्ही एकेक वस्तू बघत होतो. दुसऱ्या दिवशी पिशवीचं तोंड उघडून आत डोकावत होतो. तिसऱ्या दिवशी बांधलेल्या पिशव्या तशाच खाली जात होत्या. मग फरशी ॲसिडनं घासली, भिंतींना रंग दिला, पलंगावर नवी चादर घातली, खिडकीला पडदे लावले. रविवारी संध्याकाळी आत्याला घेऊन आलो तेव्हा आम्ही तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. तिनं चष्म्याच्या जागी तो ऑपरेशननंतरचा काळा गॉगल घातला होता, त्यामुळे डोळे दिसले नाहीत. ती खोलीच्या मध्यभागी उभी राहिली. मग स्वयंपाकघरात गेली, फडताळ उघडलं, मिटलं. बाहेर येऊन म्हणाली, ‘माझी निळी पिशवी कुठाय?’

कुणालाच आठवेना. ब्लाउज शिवून उरलेल्या कापडांची पिशवी होती ती, तिच्या, तिच्या आईच्या, जावांच्या. रात्री ती जेवली नाही. नव्या चादरीच्या कडेवर, अगदी कडेवर, बसून राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली जाऊन कचरा न्यायला येणाऱ्या बाईंना विचारून आली. पुढे कळलं की एका ठेवीची पावतीही त्या तिसऱ्या दिवसात गेली होती. बँकेनं दुसरी करून दिली, महिन्याभरात ते प्रकरण मिटलं. निळी पिशवी अजून मिटलेली नाही.

चौदा महिन्यांत घर पुन्हा भरलं.

पहिल्यांदा भरायला वीस-पंचवीस वर्षं लागली होती. या वेळी ती जुन्या बाजारात जाऊ लागली, शेजारच्या जिन्यात ठेवलेली रद्दी मागून आणू लागली. आणि आता ती कुणाला आत घेत नव्हती. सेफ्टी डोअरच्या जाळीतून बोलायची. मोरीतला नळ गळत होता, खालच्या बिऱ्हाडाच्या छताला ओल धरली, तरी तिनं प्लंबरला बोलावलं नाही. प्लंबरला बोलवायचं म्हणजे दार उघडायचं. चिडून नितीनदादा म्हणाला, आपण एवढं केलं त्याचं हे फळ. मीही तेच म्हणत होते. पुष्कळ नंतर वाचलं की अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या एका छोट्या गावच्या आरोग्य खात्यानं असंच एक घर रिकामं करण्यावर सोळा हजार डॉलर, म्हणजे त्यांच्या तरतुदीतला मोठा भाग, खर्च केला होता. अठरा महिन्यांनी ते घर पुन्हा पहिल्यासारखं. ते वाचताना आमच्या तीन खेपा आठवल्या. वस्तू गेल्या होत्या. त्या साठण्यामागे जे होतं त्याला आम्ही हातही लावला नव्हता. उलट त्याला एक नवं कारण देऊन आलो होतो.

आपल्याकडे पसारा म्हणतात, संग्रह म्हणतात, अडगळ म्हणतात. आत्याच्या घरात जे होतं त्याला शब्द नाही, म्हणून आम्ही आळीपाळीनं हेच तीन वापरत होतो, आणि चिडल्यावर चौथा, हव्यास. पसारा माझ्या घरीही आहे. माझ्या मुलाच्या टेबलावर कागदांखाली टेबल शोधावं लागतं. पण पाहुणे येणार म्हटलं की तो तासाभरात आवरतो, अर्धं टाकून देतो, आणि टाकताना त्याला काही होत नाही. अडगळीला पूर्वीच्या वाड्यांमध्ये माळा असायचा, खोली असायची. माळा गच्च भरला तरी पलंग पलंगच राहायचा आणि ओटा ओटा. पाहायचं ते इथं. ज्या जागेचं जे काम आहे ते तिथं होतंय का, आणि एखादी वस्तू हातून सोडताना माणसाला किती त्रास होतो. सामान किती आहे हा प्रश्न त्यानंतरचा.

संग्रह म्हणजे काय ते पुणेकराला दुरून दाखवायला नको. बाजीराव रस्त्याजवळचं राजा केळकर संग्रहालय शाळेच्या सहलीत प्रत्येकानं पाहिलेलं असतं. दिनकर केळकरांनी 1920च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली, त्या वीस हजारांवर गेल्या, आणि अकाली गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं, नाव त्यांनी त्या सगळ्याला दिलं. दुःख तिथंही होतं, म्हणजे वस्तूत जीव गुंतणं हा काही आजार नव्हे. पण तिथले अडकित्ते बघा. अडकित्त्यांच्या शेजारी अडकित्ते, दिव्यांच्या शेजारी दिवे. कुठली वस्तू का आणली, कुठून आणली, हे सांगता येतं. ती लोकांना दाखवायची असते. आणि 1975 साली त्यांनी तो सगळा संग्रह राज्य सरकारला देऊन टाकला. जमवणाऱ्या हातांना देताही आलं. आत्याला दुधाची एक पिशवी देता येत नव्हती, आणि कुणी पाहील म्हणून ती दार उघडत नव्हती.

या त्रासाला वैद्यकात स्वतंत्र नाव मिळालं ते अगदी अलीकडे, 2013 साली. होर्डिंग डिसऑर्डर. त्याआधी तो मंत्रचळासारख्या विकाराचाच एक प्रकार धरला जायचा. आम्ही शेवटी आत्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं (नेलं म्हणजे नळाची ओल आणि खालच्या लोकांची तक्रार यांच्या जोरावर), तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न सामानाबद्दल नव्हताच. ‘हे कधीपासून?’ असं त्यांनी विचारलं. म्हातारपणी एकाएकी सुरू झालं असेल तर आधी स्मृतिभ्रंश आहे का ते पाहावं लागतं, नैराश्य आहे का ते पाहावं लागतं, तिथं उपाय निराळा. हा विकार बहुधा लहान वयातच डोकं काढतो आणि वयाबरोबर वाढत जातो. घर भरायला वर्षं लागतात, म्हणून तो दिसतो मात्र साठीनंतर.

आमच्या घराकडे याचं एक तयार उत्तर होतं, पानशेत. 12 जुलै 1961ला नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात पाणी शिरलं तेव्हा आत्या बारा वर्षांची होती. भांडी, अंथरुणं, तिची पुस्तकं, सगळं गेलं. ज्यानं सगळं वाहून जाताना पाहिलं तो काही टाकणार कसा, असं माझे बाबा म्हणायचे, आणि ऐकायला ते इतकं खरं वाटतं की मीही ते पुढे कित्येकांना सांगितलं. पण छोटी आत्या त्याच पुरातून त्याच माडीवर चढली होती, नऊ वर्षांची. तिच्या घरात एक जास्तीची वाटी सापडणार नाही. तिनंच डॉक्टरांना सांगितलं, ‘पुराच्या आधीपासूनच ती अशी होती. आजोबांनी तिच्या संपलेल्या वह्या बंबात घातल्या तर दोन दिवस ताप आला होता तिला.’ गरिबी किंवा टंचाई भोगलेली माणसं असं साठवतात याला अभ्यासांत फारसा आधार मिळालेला नाही. मोठे आघात, कुणाचं जाणं, यांनी तो वाढतो हे मात्र दिसतं. काका गेले त्यानंतरच पलंगावर पहिलं बोचकं चढलं, हे नीट आठवलं तर आम्हा सगळ्यांनाच आठवत होतं.

मला सगळ्यात कोड्यात टाकलं ते तिच्या ग्रंथालयानं. तिथलं एकही पुस्तक कधी चुकीच्या फळीवर गेलं नाही. मराठी साहित्याचा 891.46 हा क्रमांक मला लहानपणी तिनंच पाठ करून दिला होता. असं माणूस घरी चार कागद लावू शकत नाही? समुपदेशक बाई घरी येऊ लागल्यावर हळूहळू कळलं. तिथं कप्पे आधी ठरलेले होते आणि पुस्तकं तिची नव्हती. घरातल्या तिच्या प्रत्येक वस्तूला तिच्या दृष्टीनं स्वतःचा एकटीचा कप्पा हवा. वीजबिलं म्हणजे वीजबिलं, असं तुम्हाआम्हाला वाटतं. तिला हे बिल नितीनच्या दहावीच्या वर्षाचं, हे मीटर बदललं त्या महिन्याचं, हे काकांनी स्वतः भरून आणलेलं. चाळीस बिलांचे चाळीस ढीग व्हायचे. आणि नजरेआड झालं की विसरलं जाईल ही भीती, म्हणून सगळं वरच, समोरच.

2012 साली अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. असा त्रास असलेल्या लोकांना मेंदूचं चित्र घेणाऱ्या यंत्रात झोपवून एकेक कागद दाखवला, काही त्यांच्या स्वतःच्या घरी आलेल्या टपालातले, काही परक्याचे, आणि ठेवायचा की फाडायचा ते ठरवायला सांगितलं. परक्याच्या कागदांच्या वेळी, निर्णय तोलणारे आणि ‘हे महत्त्वाचं आहे, सांभाळ’ असा इशारा देणारे मेंदूचे भाग इतरांपेक्षा मंद होते. स्वतःचा कागद आला की तेच भाग इतरांपेक्षा कितीतरी जास्त पेटले. हे कळलं तेव्हा मला आमच्या घरची दिवाळीआधीची एक दुपार आठवली. आत्यानं माझं कपाट अर्ध्या तासात आवरून दिलं होतं. ‘हे कशाला ठेवलंयस? टाक. हे टाक.’ तेव्हा मला ते ढोंग वाटलं होतं.

म्हणूनच दुसऱ्यानं रिकामं केलेलं घर टिकत नाही. जे तिला जड जातं ते एकच, हातातल्या वस्तूबद्दल ठरवणं आणि ठरवल्यावर होणारी तगमग सोसणं. आमच्या त्या तीन दिवसांत सगळं ठरवलं आम्ही. तिनं एकही निर्णय घेतला नाही, तगमग मात्र सगळी तिच्या वाट्याला आली, तीही एकाच रविवारी.

समुपदेशक बाईंनी पहिले पाच आठवडे काहीच टाकू दिलं नाही. त्यांनी एकदा फोटोंचा एक संच आणला. 2008 साली संशोधकांनी हा संच बनवला, एकाच खोलीची नऊ चित्रं, पहिल्यात मोकळी आणि नवव्यात छतापर्यंत भरलेली. चौथ्या चित्रापासून पुढे काळजीचं समजतात. नितीनदादानं फोनवर आठ सांगितलं, मी सात. आत्यानं तीनवर बोट ठेवलं. बाईंनी तिला खोडलं नाही. एवढंच विचारलं, ‘या खोलीत तुम्हाला काय करावंसं वाटतं, जे आत्ता जमत नाही?’ आत्या बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘आडवं पडावंसं वाटतं.’

पलंगापासून सुरुवात झाली. आठवड्यातून एकदा बाई, एकदा मी, चाळीस मिनिटं, गजर लावून. नियम दोन. वस्तूला हात आत्याचाच लागायचा, आणि मी ‘टाक’ म्हणायचं नाही. तीन खोकी, राहणार, जाणार, आणि दुसऱ्या कुणाला द्यायचं. पहिल्या दिवशी तिच्या हातात 1996चं कालनिर्णय आलं. मागच्या पानांवर दुधाचा हिशोब, गॅस सिलिंडर लावल्याच्या तारखा, कुठे ‘नितीन ताप’. तिनं ते उचललं, वाचलं, मांडीवर ठेवलं, मग दुसरं उचलण्यासाठी ते डाव्या ढिगावर ठेवलं, मग परत उचललं. वीस मिनिटं हेच. घरची माणसं हे बघतात तेव्हा त्यांना वाटतं ती वेळ काढतेय. जवळ बसल्यावर दिसतं की तिचा श्वास वर चाललाय आणि वरच्या ओठावर घाम आहे. बाईंनी विचारलं, ‘टाकलं तर काय होईल असं वाटतं?’ ‘कधी लागलं तर?’ ‘शेवटचं कधी लागलं होतं?’ आत्यानं खरोखर आठवून पाहिलं. मग तिनं ‘नितीन ताप’ या पानाचा माझ्या फोनवर फोटो काढायला लावला आणि कॅलेंडर जाणाऱ्या खोक्यात ठेवलं. जीव किती तळमळतोय त्याला दहापैकी आकडा द्या म्हटल्यावर म्हणाली, नऊ. तासाभरानं फोन करून बाईंनी पुन्हा विचारलं, सहा. दुसऱ्या दिवशी, तीन. हा उतार तिनं स्वतः पाहणं हाच उपचार. दुसऱ्यानं टाकलं की हा उतार तिला कधी दिसतच नाही, नऊ नऊच राहतो.

त्या दिवशी चाळीस मिनिटांत दोन कॅलेंडरं गेली आणि एक श्रीखंडाचा डबा.

एक गोष्ट मात्र थांबवून चालणार नव्हती. शेगडीजवळचे ते गठ्ठे. मेलबर्नच्या अग्निशमन दलानं 1999 ते 2009 या दहा वर्षांतल्या घरांच्या आगी तपासल्या तेव्हा अशा भरलेल्या घरांतल्या आगी हजारात दोन-तीनच होत्या, पण टाळता आले असते अशा मृत्यूंपैकी जवळपास चौथा हिस्सा त्या आगींमधला होता. जळायला खूप आणि बाहेर पडायला वाट नाही. बाईंनी तिथं स्पष्ट सांगितलं, गॅसभोवतीची जागा आणि दारापर्यंतची वाट या दोन गोष्टी आजच मोकळ्या करायच्या. पण गठ्ठे टाकले नाहीत. आत्यासमोर, तिनं दाखवलेल्या कोपऱ्यात हलवले. जीव वाचवायला जेवढी जबरदस्ती लागते तेवढीच, आणि तीही तिच्या डोळ्यांदेखत.

आता दीड वर्ष झालंय. बाईंच्या सव्वीस भेटी झाल्या, नंतर महिन्याला एक. यावर खास असं औषध नाही. तिला एक गोळी चालू आहे, ती नैराश्यापुरतीच. पलंग मोकळा आहे, ती आडवी झोपते. दोन्ही शेगड्या पेटतात. नळ दुरुस्त झाला. बाहेरच्या खोलीत वाट आता दोन पाऊलं रुंद आहे, भिंती अजून दिसत नाहीत, आणि बहुतेक कधी दिसणारही नाहीत. बाईंनी हे सुरुवातीलाच सांगितलं होतं, की बरेच जण सुधारतात आणि तरी घर भरलेलंच म्हणावं असं राहतं. दादाला हे पटत नाही. दर फोनला तो विचारतो, अजून किती? मला त्याचा राग येत नाही, एवढ्या लांबून फक्त फोटो दिसतात. माझी स्वतःचीच घाई कधीकधी उसळते. मागच्या महिन्यात ती मोरीत असताना एक फाटकं पायपुसणं माझ्या हातात आलं आणि क्षणभर मी पिशवीचं तोंड उघडलं होतं. परत जागेवर ठेवलं.

परवा गेले होते. निघताना तिनं म्हणायच्या आधीच मी पिशवी उघडून तिच्यापुढे धरली. तिनं नेहमीसारखी छत्री सरकवली, खाली पाहिलं. मग आत गेली. डोक्यावरून पदर सावरत बाहेर आली तेव्हा हातात तीन कालनिर्णयं होती. ती स्वतःच्या एका पिशवीत घातली. एक परत काढलं, उघडून एक पान बघितलं, बाजूला ठेवलं. उरलेल्या दोन्हींवर हात ठेवून थोडी थांबली.

‘ही ने. आणि पिशवी परत आण हं, ती माझी आहे.’